कोशातला उच्चार वाचताना आधी आघात, मग स्वर

काटोलचा एक मुलगा माझ्याकडे मुलाखतीच्या तयारीला येतो. लग्नाचे फोटो उत्तम काढतो. परदेशी प्रवासी जहाजावर फोटोग्राफरची जागा निघाली आणि त्याची ऑनलाइन मुलाखत झाली. पहिल्याच वाक्यात त्याने ‘आय ॲम अ फोटोग्राफर’ म्हटलं आणि समोरच्या बाईंनी विचारलं, ‘फोटोग्राफ? विच फोटोग्राफ?’ त्याने तोच शब्द आणखी जोरात म्हटला. बाईंना तिसऱ्यांदाही कळला नाही. परत आल्यावर मला म्हणाला, ‘सर, मी तर कोशात पाहूनच गेलो होतो ना जी.’

त्याची वही पाहिली. कोशातल्या खुणा त्याने अगदी बरोबर उतरवल्या होत्या, आणि त्यांच्यावर पेन्सिलीने देवनागरीत लिहिलं होतं: फोटोग्राफर. पाठ त्याने ते देवनागरी केलं होतं, कोशातला उच्चार नाही. चूक नेमकी इथे होते आणि दर बॅचमध्ये होते. म्हणून हा एकच शब्द आणि त्याची भावंडं घेऊन, कोशातला उच्चार कोणत्या क्रमाने वाचायचा ते इथे पायरी पायरीने लिहितो. क्रम महत्त्वाचा आहे. बहुतेक जण डावीकडून एकेक चिन्ह वाचत जातात आणि आघाताची, म्हणजे जोर कुठे द्यायचा ते सांगणारी, खूण धूळ समजून ओलांडतात. ती खूण सगळ्यात आधी वाचायची असते, कारण बाकीचे स्वर किती मोठे किंवा किती पुसट म्हणायचे हे तिच्यावर ठरतं.

## तयारी: तुमच्या कोशाची खूण कुठे बसते?

विद्यार्थ्यांसाठी छापलेला कोणताही चांगला इंग्रजी-इंग्रजी कोश चालेल. त्याच्या सुरुवातीला किंवा आतल्या मुखपृष्ठावर उच्चारचिन्हांचा तक्ता असतो. त्या पानाला कागदाचा तुकडा लावून ठेवा. वही लागेल, पेन्सिल लागेल. मोबाइलवरचा कोश असेल तर स्पीकरचं बटण सध्या दाबू नका. आधी ऐकलं की डोळे चिन्हं वाचत नाहीत. कान जे पकडतो, तेच खुणांमध्ये दिसल्यासारखं वाटतं.

आता एक चाचणी करा. आघाताची खूण म्हणजे ओळीच्या वरच्या बाजूला असलेली छोटी उभी रेघ: ˈ. आंतरराष्ट्रीय उच्चारलिपी वापरणाऱ्या कोशांत ती जोर असलेल्या भागाच्या आधी येते. पण काही अमेरिकी कोशांची स्वतःची पद्धत आहे आणि त्यांतल्या काहींत ती जोराच्या भागाच्या नंतर येते. नागपूरच्या बर्डी बाजारातून घेतलेल्या अशाच एका जुन्या कोशाच्या नादाने मी कॉलेजमध्ये कितीतरी शब्दांचा जोर एक घर पुढे सरकवून बोलत होतो, आणि मला कुणी टोकलंही नाही.

चाचणी सोपी आहे. ‘अबाउट’ हा शब्द काढा. त्यात जोर ‘बाउट’वर आहे हे आपल्याला बोलून माहीत आहे. कोशात तो असा दिसला पाहिजे:

```
/əˈbaʊt/
```

रेघ b च्या आधी असेल तर तुमचा कोश ‘आधी’वाला. रेघ शेवटी, t च्या नंतर दिसली तर ‘नंतर’वाला. कोशाच्या पहिल्या पानावर पेन्सिलीने लिहून ठेवा. पुढचं सगळं मी ‘आधी’वाल्या कोशाप्रमाणे सांगतो.

## पायरी 1: योग्य ओळ शोधा

मुख्य शब्दाच्या अक्षरांमध्ये काही कोशांत मधूनमधून ठिपके असतात. ते छपाईत ओळीच्या शेवटी शब्द कुठे तोडायचा हे सांगण्यासाठी असतात, त्यावरून उच्चार ठरवू नका. उच्चार दोन तिरक्या रेघांच्या मध्ये असतो. तिथे दोन उच्चार दिलेले असतील तर सहसा पहिला ब्रिटिश आणि दुसरा अमेरिकी:

```
/fəˈtɒɡrəfə(r)/     ब्रिटिश
/fəˈtɑːɡrəfər/      अमेरिकी
```

एक निवडा आणि पूर्ण शब्द त्याच ओळीतून घ्या. पहिला अर्धा इथून आणि दुसरा अर्धा तिथून असं करू नका. मी ब्रिटिश घेतो, कारण आपल्या शाळा-कॉलेजांतल्या इंग्रजीला तो जवळचा पडतो.

ब्रिटिश ओळीतला कंसातला r सहसा म्हटला जात नाही. पुढचा शब्द स्वराने सुरू होत असेल तरच तो ऐकू येतो. तुम्ही आपल्या सवयीने हलका र म्हटलात तरी ऐकणाऱ्याचं काही अडत नाही, त्यावर वेळ घालवू नका.

## पायरी 2: अवयव मोजा

शब्दाचे बोलताना जे तुकडे पडतात त्यांना व्याकरणात अवयव म्हणतात, इंग्रजीत सिलॅबल. ढोबळ नियम असा की एक स्वर म्हणजे एक अवयव. म्हणून फक्त स्वरांची चिन्हं मोजा. आपल्या शब्दात ती अशी आहेत: ə, ɒ, ə, ə. चार स्वर, म्हणजे चार अवयव. बोटाने टेबलावर चार टिचक्या मारा.

दोन चिन्हं चिकटून एकच स्वर होतो, तिथे मोजणी चुकते. aʊ, eɪ, aɪ, əʊ ही अशी जोडी. ‘अबाउट’मधला aʊ एकच मोजायचा, म्हणजे त्या शब्दाचे अवयव दोन. ː ही दोन ठिपक्यांसारखी खूण स्वर लांबवते, तीही वेगळी मोजायची नाही.

तपासणी: तुमची मोजणी आणि देवनागरीत लिहिलेला शब्द जुळतोय का हे पाहायचा मोह आवरा. देवनागरीतल्या ‘फोटोग्राफर’मध्ये फो, टो, ग्रा, फर असे चार तुकडे पडतात आणि योगायोगाने संख्या जुळते. म्हणूनच माझ्या विद्यार्थ्याला आपलं काही चुकलंय असं वाटलं नाही.

## पायरी 3: आघाताच्या अवयवाला गोल करा

रेघ t च्या आधी आहे. म्हणजे जोर ‘टॉ’पासून सुरू होणाऱ्या दुसऱ्या अवयवावर. वहीत तो अवयव गोल करा. चार टिचक्या पुन्हा मारा, पण दुसरी टिचकी नखाने न मारता मुठीने मारा:

टिक, ठक, टिक, टिक.

शब्द अजून तोंडात आणायचा नाही. आधी हा ठेका हातात बसू द्या. मराठीत आपण शब्दातल्या एकाच भागावर जोर देऊन अर्थ वेगळा करत नाही. ‘कमळ’मध्ये क वर जोर दिला किंवा मळ वर दिला तरी कमळच राहतं. त्यामुळे आपल्या कानाला ही खूण फालतू वाटते. इंग्रजी ऐकणारा माणूस मात्र शब्द ओळखायला आधी हा ठेकाच धरतो. मुलाखतीतल्या बाईंना ‘ग्रा’ ठळक ऐकू आलं आणि त्यांनी ‘ग्रा’ ज्यात पूर्ण उच्चारतात तो शब्द उचलला: फोटोग्राफ.

जोर म्हणजे ओरडणं नव्हे. जोराचा अवयव थोडा मोठ्याने, थोडा लांब आणि थोड्या चढ्या सुरात म्हटला जातो, आणि त्यातला स्वर स्वच्छ असतो. बाकीचे अवयव आखूड होतात. माझा विद्यार्थी तिसऱ्यांदा सगळाच शब्द मोठ्याने बोलला. तसं केलं तर कुठलाच भाग उठून दिसत नाही.

## पायरी 4: गोलातला स्वर आधी वाचा

आता पहिल्यांदा चिन्हाकडे पाहा. गोलात ɒ आहे. हा आपल्या ‘डॉक्टर’मधला आखूड ऑ. म्हणजे हा अवयव ‘टॉ’, आणि त्याला पुढचा ग चिकटवला तर ‘टॉग्’. स्पेलिंगमध्ये इथे ओ आहे म्हणून ‘टो’ म्हणायचं नाही. स्पेलिंग झाकून ठेवा, खरंच बोटाने झाका.

‘टॉग्’ पाच वेळा म्हणा. शब्दाचा कणा हाच. जोराच्या अवयवाच्या सुरुवातीला ट आला की इंग्रजीत त्याच्या मागे किंचित हवा सुटते. कोश हे दाखवत नाही. पण त्याचा ठ करू नका.

## पायरी 5: ə ला त्याची खरी जागा द्या

उलटा ई दिसणारं हे चिन्ह, ə. त्याचं नाव श्वा. इंग्रजीत सगळ्यात जास्त येणारा स्वर हाच, आणि आपल्या लोकांची सगळ्यात जास्त चूकही याचीच. कोशात ə दिसला की डोळा स्पेलिंगकडे पळतो आणि तिथलं अक्षर तोंडात येतं. ओ असेल तर ओ, ए असेल तर आ, ई असेल तर ए.

खरं तर मराठी माणसाला हा स्वर शिकवायची गरजच नाही. ‘कमळ’मधल्या क मध्ये जो अ आहे, तो याच्या अगदी जवळचा. फक्त तो आणखी आखूड आणि आणखी पुसट म्हणायचा. म्हणजे /fə/ हा ‘फो’ नाही, तो साधा ‘फ’ आहे, ‘फणस’मधल्या फ सारखा. आणि /rə/ हा ‘रा’ नाही, साधा ‘र’.

अडचण शब्दाच्या शेवटी येते. मराठीत शेवटच्या अक्षरातला अ आपण गिळतो. ‘घर’ लिहितो आणि ‘घर्’ म्हणतो. इंग्रजी श्वा शेवटी आला तर गिळायचा नाही. ‘घर’ आणि ‘घरं’ यांत जो फरक तुम्ही रोज सहज करता, तोच इथे करा. ‘घरं’ म्हणताना शेवटी जो अ उघडा राहतो, तो फोटोग्राफरच्या शेवटच्या ‘फ’ला द्या, पण तितका लांबवू नका. ‘मित्र’ म्हणताना शेवटी येतो तेवढा पुसट पुरे.

माझ्या विद्यार्थ्याला मी त्याच्या वहीतला शब्द खोडायला लावला आणि त्या जागी हे लिहायला लावलं:

फ · टॉग् · र · फं

हे देवनागरी शुद्ध नाही, अनुस्वार नाकातला नाही, ‘घरं’सारखा वाचायचा आहे. पण ‘फोटोग्राफर’पेक्षा हे कितीतरी खरं आहे, कारण यात कोणता भाग मोठा आणि कोणते तीन पुसट ते दिसतं. देवनागरीत उच्चार लिहूच नका असं मी सांगत नाही. लिहा, पण आघाताचा अवयव ठळक करून आणि श्वाच्या जागी काना-मात्रा न देता लिहा.

इशारा: əʊ या जोडीत ə दिसतो म्हणून त्याला श्वा समजू नका. ही जोडी एक पूर्ण स्वर आहे, आपल्या ‘ओ’पेक्षा ‘औषध’मधल्या औ च्या जवळचा. हा पुसटायचा नाही.

## पायरी 6: फसवी व्यंजनं पटकन पाहून घ्या

व्यंजनं बरीचशी दिसतात तशीच वाचायची. फसवणारी थोडीच आहेत. j म्हणजे य, ज नाही. ‘इंटरव्ह्यू’ कोशात /ˈɪntəvjuː/ असा असतो, त्यातला vj म्हणजे व्य. ज साठी dʒ असतं. ʃ म्हणजे श, tʃ म्हणजे च, ŋ म्हणजे ‘अंक’मधला अनुस्वार. θ आणि ð ही जिभेचं टोक वरच्या दातांशी ठेवून काढायची, आपल्या थ आणि द च्या शेजारची. बाकी शंका आल्यास तक्त्याचं पान उघडा. यासाठी पाठांतर नको.

## पायरी 7: आघातापासून बाहेर जोडत जा

शब्द डावीकडून जोडला की पहिलाच अवयव जोरात पडतो, ही आपली सवय. म्हणून मधून सुरुवात करा.

टॉग्.
फ-टॉग्.
फ-टॉग्-र.
फ-टॉग्-र-फं.

प्रत्येक वेळी मूठ ‘टॉग्’वरच पडली पाहिजे. दहा वेळा म्हणून झालं की आता स्पीकरचं बटण दाबा. तुमचा आणि त्यातला ठेका जुळला तर झालं. ठेका जुळला पण आवाजाची ढब वेगळी वाटली तर काळजी नको. आपली ढब नागपूरची राहिली तरी चालते. अडतं ते जोर भलत्या जागी पडला की.

तपासणी: शब्द मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि थोड्या वेळाने ऐका. ‘फो’ किंवा ‘ग्रा’ ऐकू आलं तर पायरी 5 वर परत.

## पायरी 8: भावंडं वेगवेगळी वाचा

एक शब्द जमला की त्याच घरातले बाकीचे शब्द आपोआप जमतील असं सगळ्यांना वाटतं. नेमकं इथे परत घसरायला होतं. ही चार भावंडं शेजारी ठेवून पाहा:

```
/ˈfəʊtəɡrɑːf/       फोटोग्राफ
/fəˈtɒɡrəfə(r)/     फोटोग्राफर
/fəˈtɒɡrəfi/        फोटोग्राफी
/ˌfəʊtəˈɡræfɪk/     फोटोग्राफिक
```

स्पेलिंगची सुरुवात चारही ठिकाणी तीच, पण रेघ सरकते आणि तिच्यामागे स्वर बदलतात. फोटोग्राफमध्ये जोर पहिल्या अवयवावर, म्हणून तिथे əʊ पूर्ण आहे आणि मधला ‘टो’ पुसट होऊन ‘ट’ झाला. फोटोग्राफरमध्ये रेघ दुसऱ्यावर गेली, तेव्हा पहिला ‘फो’ पुसटून ‘फ’ झाला आणि मधला ‘टॉ’ उघडला. फोटोग्राफिकमध्ये रेघ ‘ग्रॅ’वर गेली आणि पुसट झालेला अवयव पुन्हा मधलाच. एकाच स्पेलिंगचा ओ एकीकडे əʊ, दुसरीकडे ɒ आणि तिसरीकडे ə कसा होतो, हे कोडं रेघेकडे पाहिल्याशिवाय सुटत नाही.

वरच्या यादीत फोटोग्राफिकच्या सुरुवातीला एक रेघ खाली आहे: ˌ. तो दुय्यम आघात. वाचणारा डावीकडून येतो, पहिली रेघ दिसते आणि तिलाच मुख्य समजतो. वरची रेघ मुख्य, खालची तिच्या हाताखालची. खालच्या रेघेचा स्वर पुसटायचा नाही, पण मूठ वरच्या रेघेवरच मारायची. इथे ठेका: ठक, टिक, ठक, टिक. पहिला ठक हलका, तिसरा भरीव.

कोशात नोंदीच्या शेवटी लहान अक्षरांत त्या शब्दापासून बनलेले शब्द दिलेले असतात आणि कधी त्यांना पूर्ण उच्चार नसतो. तेव्हा मूळ शब्दाचा जोर डोळे झाकून लावू नका. तो शब्द स्वतंत्र नोंद म्हणून कुठे सापडतो का ते पाहा.

## शब्द तोच, काम वेगळं

‘रेकॉर्ड’च्या नोंदीत दोन उच्चार दिसतात आणि मुलं त्यांना ब्रिटिश-अमेरिकी समजून हवा तो घेतात. तसं नाही. नाम असेल तर /ˈrekɔːd/, क्रियापद असेल तर /rɪˈkɔːd/. नामात ‘रे’ ठळक, क्रियापदात ‘रि’ आखूड आणि ‘कॉर्ड’ ठळक. दोन उच्चार दिसले की आधी शेजारची नाम-क्रियापदाची खूण वाचा, मग उच्चार निवडा.

## मोजणी फसते तिथे

शेवटी एक शब्द पूर्ण सोडवून पाहू, कारण पायरी 2 चा नियम त्यात मोडतो. ‘कम्फर्टेबल’. आपण म्हणतो कम-फर-टे-बल, चार अवयव, जोर ‘टे’वर. कोश म्हणतो:

```
/ˈkʌmftəbl/
```

स्वर मोजा: ʌ आणि ə. फक्त दोन. पण ऐकताना तीन टिचक्या पडतात. कारण शेवटचा l व्यंजन असूनही एक अवयव पेलतो. bl च्या नंतर स्वर नसेल तर l ला एक टिचकी द्या. काही कोश तिथे ə छापतात, काही छापत नाहीत. उच्चार तोच.

आता क्रमाने. रेघ सुरुवातीला, म्हणजे मूठ पहिल्यावर: ठक, टिक, टिक. गोलातला स्वर ʌ, आपल्या ‘कम’मधल्या अ पेक्षा थोडा उघडा: ‘कम्फ्’. मग ə, म्हणजे ‘टे’ नाही, ‘ट’. मग ‘बल’, त्यातला अ जवळजवळ नसलेला. मधला ‘फर’ कोशात नाहीच. स्पेलिंगमध्ये त्याची अक्षरं आहेत, तोंडात नाहीत.

कम्फ् · ट · बल

‘व्हेजिटेबल’ही याच साच्यातला, /ˈvedʒtəbl/: वेज् · ट · बल. आणि आपल्या गावचं ‘ऑरेंज’ काढून पाहा: /ˈɒrɪndʒ/. त्यात ‘रें’ नाही, ‘रिं’ आहे, आणि तोही आखूड. काटोलच्या मुलाने परवा हा शब्द स्वतः कोशातून काढला, टेबलावर ठक, टिक वाजवलं, आणि मगच तोंड उघडलं.